नव्वद सेकंदांसाठी कुठलं पुस्तक वाचायचं?

मंडळी, तुमच्यातली बरीच मुलं खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून रोज एसटी पकडून कॉलेजला येणारी आहेत. घरात मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी आणि मित्रांत हिंदी असं तुमचं चाललेलं असतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा कॅम्पस मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे आला. इलेक्ट्रॉनिक्सचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. पिशवीतून त्यानं भाषणकलेवरची चार जाड पुस्तकं काढली आणि म्हणाला, "सर, चारी वाचली. सगळं कळतंय, पण तोंडातनं भाईर पडंना."

मी पुस्तकं चाळली. त्यांतली दोन व्यासपीठावरून बोलणाऱ्यांसाठी होती. शेकडो लोक समोर आहेत, वीसेक मिनिटं मिळाली आहेत आणि मध्ये कोणी टोकणार नाही, हे त्यांत गृहीत धरलेलं. कॅम्पस मुलाखतीत समोर दोघं-तिघं असतात, पहिल्या उत्तराला फार तर नव्वद सेकंद मिळतात आणि विसाव्या सेकंदालाच कोणीतरी मध्ये प्रश्न टाकतं. तिसरं पुस्तक देहबोलीचं होतं. बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के, बाकी आवाज आणि चेहरा, असं त्यात ठासून लिहिलं होतं. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग भावना ओळखण्याबद्दलचे होते. तोंडातला शब्द एक सांगतो आणि सूर दुसरंच, अशा वेळी बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, याचा अंदाज ऐकणारा कशावरून बांधतो, एवढाच प्रश्न होता. सर्किट समजावून सांगताना शब्द सात टक्केच मोलाचे, असा अर्थ त्यातून निघत नाही. बुजऱ्या मुलाचं तर या आकड्यानं नुकसानच होतं. हात कुठं ठेवायचे याची काळजी करता करता तो सांगायचं काय तेच विसरतो.

चौथं पुस्तक मी ठेवून घ्यायला सांगितलं. डेल कार्नेगींचं 'द क्विक अँड ईझी वे टू इफेक्टिव्ह स्पीकिंग'. कार्नेगी 1912 पासून न्यूयॉर्कमध्ये नोकरदार मंडळींना संध्याकाळच्या वर्गात बोलायला शिकवत. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1962 साली आलं. सगळं वाचायची गरज नाही, त्यातल्या दोनच गोष्टी घ्या. एक, जे तुम्ही स्वतः केलंय, भोगलंय किंवा मन लावून अभ्यासलंय त्यावरच बोला. दोन, भाषण शब्दन् शब्द पाठ करू नका.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांना पटत नाही, कारण इंग्रजीची भीती पाठांतरानं जाते असं वाटतं. पण पाठ केलेलं उत्तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. नजर वर छताकडे जाते, वेग वाढतो, आणि मध्येच काही विचारलं की मुलगा पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो.

मी त्याला प्रोजेक्टबद्दल विचारलं. त्यानं सुरू केलं, "आयओटी म्हणजे इंटरनेट ऑफ थिंग्ज. भारत हा कृषिप्रधान देश आहे..." मी घड्याळ लावलं होतं. त्यानं स्वतः काय केलं हे चाळीस सेकंद झाली तरी आलं नव्हतं. म्हटलं, आता हेच घरी आईला सांगतोस तसं मराठीत सांग. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काकाच्या ऊसाला पाणी लागलं की मोटर आपोआप बंद व्हायची, तसं यंत्र केलंय. पण तीन आठवड्यांनी मोटर बंदच होईना. सेन्सरचे दात गंजले होते."

सांगण्यासारखं सगळं त्यात होतं. त्याच्या गटानं ओल मोजायला मातीत खुपसायचा दोन दातांचा स्वस्त सेन्सर वापरला होता. त्यातून सतत वीज सोडली की ओल्या मातीत दात झिजतात. झिजले की विजेला होणारा विरोध वाढतो. कोरड्या मातीतही तो असाच जास्त असतो, म्हणून यंत्राला माती कोरडी वाटते. म्हणून शेतात पाणी साचलं तरी मोटर चालूच. मग यांनी मातीला धातू न लागणारा, कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला आणि तोही फक्त मोजताना चालू होईल असं केलं.

इथं मी त्याच्या हातात आणखी एक पुस्तक दिलं, बार्बरा मिंटो यांचं 'द पिरॅमिड प्रिन्सिपल'. मिंटो मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत होत्या आणि पुस्तक मुख्यतः अहवाल लिहिणाऱ्यांसाठी आहे. ते जड आहे, सुरुवातीची प्रकरणं पुरेत. मुख्य उत्तर आधी ठेवा आणि कारणं त्याच्याखाली, हा त्याचा गाभा. मला हे आपल्या मुलांसाठी फार मोलाचं वाटतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आपण हकीकतही तशीच सांगतो, आधी पार्श्वभूमी, मग अडचण, मग कुठंतरी शेवटी निकाल. पारावर ऐकायला ते गोड लागतं. मुलाखतीत मात्र निकालापर्यंत पोचायच्या आत पुढचा प्रश्न येतो.

मग आम्ही एका कागदावर पाचच शब्द लिहिले: मोटर, शेत, गंज, बदल, माझं काम. पहिलं वाक्य ठरलं: जमीन ओली झाली की मोटर बंद करणारं यंत्र आम्ही काकांच्या वीस गुंठे ऊसात लावलं आणि ते कशामुळं बिघडलं हे मी शोधून काढलं. बाकीची वाक्यं दर वेळी वेगळी आली तरी चालतील, शब्दांचा क्रम मात्र तोच.

'माझं काम' या शब्दावर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला. चौघांचा गट होता आणि तो प्रत्येक वाक्यात "आम्ही" म्हणायचा. मी म्हणणं त्याला मोठेपणा मिरवल्यासारखं वाटे. हा घरचा संस्कार आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला चौघांतल्या या एकालाच निवडायचं किंवा नाकारायचं असतं. सोल्डरिंग आणि प्रोग्रॅम याचा होता, बिघाडही यानंच शोधला होता. तेवढ्याच तीन गोष्टींना "मी" लावायचं ठरलं, बाकी "आम्ही" राहू दिलं.

सरावासाठी आरसा नको म्हटलं, कारण आरसा मध्येच प्रश्न विचारत नाही. बहीण अकरावीला होती. तिला सांगितलं, ऐकता ऐकता कुठंही थांबव आणि "म्हणजे काय?" विचार. आधी मराठीत, मग इंग्रजीत. रोज एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि एवढंच मोजायचं की स्वतःचं काम कितव्या सेकंदाला आलं. आठवड्याभरात चाळीसचे बारा झाले. इंग्रजीचं व्याकरण मात्र होतं तिथंच राहिलं, एका आठवड्यात ते सुधारत नाही. गटचर्चेलाही या तयारीचा फारसा उपयोग नाही, तिथं बोलायची संधी ओढून घ्यावी लागते आणि त्याचा सराव वेगळा.

मुलाखतीत त्याला दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. चूक सेन्सरमध्येच आहे, प्रोग्रॅममध्ये नाही, हे कशावरून ओळखलंस? पाठ केलेलं असतं तर तो तिथंच अडकला असता. त्यानं सांगितलं, सेन्सर उपटून पाण्याच्या ग्लासात बुडवला, तरी आकडा कोरड्या मातीचाच येत होता. नवा सेन्सर त्याच तारेला, त्याच ग्लासात लावला, तर लगेच ओलं दाखवलं. त्यानंतर मुलाखत संपेपर्यंत तिघंही त्याच्याशी त्या सेन्सरबद्दलच बोलत राहिले.