कानाला दडे बसतात, पण दाब कुठेच नसतो

नमस्कार. पुण्याहून मुंबईकडे जाताना लोणावळा सोडून घाट उतरू लागलो, की खोपोलीपर्यंत कानाला दडे बसतात आणि एक आवंढा गिळला की ते सुटतात, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. आवाज बंद करणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन चालू केल्यावर काही जणांना अगदी तसेच दडे बसल्यासारखे वाटते. फरक इतकाच, की तेथे कितीही आवंढे गिळले तरी ते सुटत नाहीत. या फरकातच आजच्या विषयाचे उत्तर दडलेले आहे.

आधी घाटात काय होते ते पाहू. लोणावळा ते खोपोली हा उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा आहे, आणि तेवढे खाली आल्यावर बाहेरच्या हवेचा दाब साधारण 6000 पास्कलने वाढतो. पडद्यामागच्या पोकळीतील हवा, म्हणजे मध्यकर्णातील हवा, अजून वरच्या दाबाचीच असते. त्यामुळे कानाचा पडदा आत ओढला जाऊन ताठ होतो, आणि ताठ पडदा खालच्या पट्टीतील आवाज, म्हणजे इंजिनाची घरघर किंवा चाकांचा गडगडाट, नीट पुढे पोहोचवत नाही. गिळल्यावर मध्यकर्णाला घशाशी जोडणारी युस्टेशियन नलिका क्षणभर उघडते, दोन्ही बाजूंचे दाब समान होतात आणि कान मोकळा होतो.

[हेडफोन हातात घेऊन]

आता याची गोष्ट. याच्या बाहेरील मायक्रोफोन बसमधील घरघर टिपतो आणि आतील स्पीकर तिच्या नेमका उलटा आवाज सोडतो. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खोलगट भागावर येतो आणि दोन्ही मिटतात. ही युक्ती मुख्यतः खालच्या पट्टीतच चांगली साधते. साधारण 1000 हर्ट्झच्या वर तिची ताकद ओसरते, म्हणून घरघर गेली तरी कंडक्टरची हाक आणि रिक्षाचा हॉर्न ऐकू येतोच. पण ‘हे यंत्र कानात उलटा दाब सोडते, म्हणून पडदा ओढला जातो’ हा समज मात्र सोडून द्यावा. 80 डेसिबलच्या आवाजातील दाबाचा चढउतार सुमारे 0.2 पास्कल इतकाच असतो, आणि तोही सेकंदाला अनेकदा दिशा बदलणारा. घाटातील 6000 पास्कलांपुढे हा आकडा ठेवून पाहा. पडद्याला एका बाजूला दाबून धरणे या स्पीकरच्या आवाक्यातच नाही.

मग दडे का बसतात? सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे आहे, की खालची पट्टी अचानक नाहीशी होणे आणि वरची पट्टी शिल्लक राहणे, ही स्थिती मेंदूला एकाच कारणासाठी परिचित असते: पडदा ताठ झाला आहे. म्हणून तो पुराव्यावरून निष्कर्ष काढतो आणि आपल्याला दाब जाणवतो. पुरावा खरा, निष्कर्ष चुकीचा. ज्यांना सर्दीत किंवा विमानात दडे वारंवार बसतात, त्यांना ही जाणीव अधिक लवकर व्हावी, हे मला तर्कसंगत वाटते.

याखेरीज एक वेगळे कारण आहे, आणि तेच अनेकदा पहिल्याच्या नावावर खपते. रबरी टोकाचे इअरबड कानाची नळी घट्ट बंद करतात. मग आपला स्वतःचा आवाज, चघळणे, पावलांचा ठेका हाडांतून येऊन आतच अडकतो आणि घुमू लागतो. कान भरल्यासारखे वाटते ते त्यामुळे, आणि येथे नॉइज कॅन्सलिंगचा काहीच दोष नसतो.

माझा एक मावसभाऊ कोथरूडहून कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो. सकाळी 8 वाजता इअरबड घालायचा ते संध्याकाळी काढायचा, आणि घरी येईपर्यंत कान भरलेले व डोके जड. त्याला ‘बॅटरीच्या लहरी’ कारणीभूत वाटत होत्या. आम्ही रविवारी घरी, पंखा चालू ठेवून आणि संगीत न लावता, तपासणी केली. प्रथम नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवून इअरबड घातले आणि त्याला मोठ्याने बोलायला सांगितले: कान भरल्यासारखे वाटले, आवाज मडक्यात बोलल्यासारखा आला. नंतर नॉइज कॅन्सलिंग चालू केले: दडे स्पष्ट वाढले. मग गिळायला सांगितले: काहीही बदलले नाही. शेवटी ते बंद केले: वाढलेला भाग त्याच क्षणी गेला, पण पहिला तसाच राहिला. खरा दाब असा बटणासरशी येतजात नाही. म्हणजे त्याच्या तक्रारीत दोन वेगवेगळी कारणे एकत्र होती, आणि उपायही वेगवेगळे हवे होते.

नळी बंद होण्यावर उपाय सोपा होता: एक माप लहान रबर. पकड सैल झाल्याने नॉइज कॅन्सलिंगही थोडे कमकुवत झाले, पण त्याच्या बाबतीत हे फायद्याचेच ठरले. दुसऱ्या कारणासाठी अॅपमधील पातळी पूर्ण न ठेवता मध्यावर आणली, जेणेकरून घरघरीचा थोडा अंश शिल्लक राहावा. संगीताऐवजी पावसासारखा सौम्य आवाज अगदी हळू लावला, तरी रिकामी झालेली खालची पट्टी थोडी भरून येते. ऑफिसमध्ये मुळात फारशी घरघर नव्हती. तेथे त्याला यंत्राची स्वतःची बारीक सळसळच जास्त ऐकू येत असे, म्हणून तेथे बाहेरचा आवाज आत घेणारा मोड लावला. दोन आठवड्यांनी ऑफिसातील जडपणा गेला. बसमध्ये अर्ध्या तासानंतर दडे अजूनही बसतात. तेव्हा तो चांदणी चौक ओलांडल्यावर थोडा वेळ इअरबड काढून ठेवतो.

थकव्याबद्दल एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण तो सगळाच दाबाच्या भासातून येत नाही. डोक्यावरून घालण्याच्या हेडफोनची पकड जबड्याच्या सांध्याजवळ आवळत असेल, तर संध्याकाळी तेच दुखणे कानाचे वाटते. चश्म्याच्या काड्या मधे असल्या की अधिकच. शिवाय बसच्या धक्क्यांनी किंवा दार आपटल्याने येणारा फार खालचा धक्का मिटवताना काही यंत्रांची क्षमता संपते आणि कानात ‘थप’ असा आवाज येतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर असे वारंवार झाले, तर पातळी कमी करणे हाच मार्ग.

[हेडफोन खाली ठेवून]

दुसरीकडे, ‘हे फक्त डोक्यातले आहे’ म्हणून प्रत्येक तक्रार उडवून लावू नये. यंत्र बंद करून काढल्यावरही कान भरलेलाच राहिला, त्रास एकाच कानाला असला, किंवा सोबत दुखणे, स्राव, चक्कर अथवा कानात सतत गुणगुण असली, तर ते नॉइज कॅन्सलिंगचे काम नव्हे. मळ घट्ट बसणे, संसर्ग किंवा नलिकेचा दोष असू शकतो. काडी घालून मळ काढायला जाऊ नये, तो आणखी आत ढकलला जातो. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर दडे सुटण्याची वाट न पाहता त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते.