पाच मार्च की तीन मे?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: कर्मचाऱ्यांच्या नोंदींसाठी येणारं नवं सॉफ्टवेअर, माहिती भरण्याच्या मुदती, प्रशिक्षण, आणि अडलं तर कुणाला गाठायचं. चाळीस मिनिटं दिली आहेत. ते सगळं सांगणार आहे, पण आधी एका रकान्याबद्दल बोलू द्या. तुम्ही सगळे आपापल्या विभागाची शीट भरून देणारी माणसं आहात, तेव्हा त्या रकान्याशी तुमची गाठ पडणारच. रकान्याचं नाव ‘रुजू दिनांक’.

नवी प्रणाली आली की चर्चा चालते पडद्याच्या रंगाची, मोबाइलवर रजा टाकता येईल का याची. गाडी अडते ती जुन्या माहितीवर, आणि जुन्या माहितीत सगळ्यात बेमालूम फसवतात तारखा. नाव चुकलं तर माणूस स्वतः येऊन सांगतो. तारीख चुकली तरी ती तारखेसारखीच दिसते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एक कर्मचारी ५ मार्च २०२१ ला रुजू झाला. जुन्या प्रणालीतून सीएसव्ही फाइल काढली, त्यात लिहिलंय `05/03/2021`. आधी दिवस, मग महिना. आता ही फाइल कुणीतरी डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, आणि त्या संगणकाच्या सेटिंगमध्ये महिना आधी आहे. एक्सेल विचारत नाही, अंदाज बांधतं. पाचवा महिना, तिसरा दिवस: ३ मे. आणि पडद्यावर काय दिसतं? `5/3/2021`. म्हणजे तुम्ही कागद हातात घेऊन एकेक ओळ ताडून पाहिलीत तरी कागदावर पाच-तीन, पडद्यावर पाच-तीन. बरोबर म्हणून खूण करून पुढे जाल.

आत मात्र घोळ झालेला असतो. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक आकडा. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून मोजत आलं की ५ मार्च २०२१ म्हणजे ४४२६० आणि ३ मे २०२१ म्हणजे ४४३१९. एकोणसाठ दिवसांचा फरक. (जाता जाता, या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही धरलाय, जो कधी उगवलाच नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, आणि त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलनं ती मुद्दाम तशीच ठेवली. कारकुनी परंपरा म्हणतात ती हीच!)

आता याच फाइलमधला दुसरा कर्मचारी घ्या, २० मार्चला रुजू झालेला. `20/03/2021`. विसावा महिना नसतो, म्हणून एक्सेल त्याला हात लावत नाही आणि नुसता मजकूर म्हणून ठेवतं. शीट नव्या प्रणालीत चढवली की ही ओळ नाकारली जाते: तारीख अवैध. तुम्ही जागरूक माणसं, नाकारलेल्या ओळी काढता, हातानं नीट करता, पुन्हा चढवता. अहवाल येतो, त्रुटी शून्य. सगळे चहाला जातात.

झालं काय? बोंब मारणारी ओळ दुरुस्त झाली आणि गुपचूप चुकलेली आत गेली. २० मार्चवाला आता २० मार्चला, पण ५ मार्चवाला ३ मेला. पंधरा दिवसांनी ज्येष्ठ असलेला माणूस कनिष्ठ झाला. त्याची पाच वर्षं ५ मार्च २०२६ ला भरतात, प्रणालीत भरतील ३ मेला, आणि सेवेच्या वर्षांवर जे जे अवलंबून आहे ते सगळं एकोणसाठ दिवस लांबेल. तो तक्रार तरी करेल. जो खरोखर ३ मेला रुजू झाला होता तो उलट ५ मार्चवर गेलाय, त्याला सगळं लवकर मिळणार. त्याची तक्रार आजवर कुणी ऐकली आहे का? हसू नका, लेखापरीक्षणात हीच ओळ निघते.

हे किती ओळींत होतं याचा हिशेब सोपा आहे. वर्षात १४४ तारखा अशा की दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंतचे. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. लोक वर्षभर सारखे रुजू होत असते, तर शंभरात साधारण छत्तीस तारखा गुपचूप चुकतील, एकसष्ट नाकारल्या जातील आणि तीन नशिबानं बरोबर राहतील. पण लोक सारखे रुजू होत नाहीत, बरेचसे महिन्याच्या पहिल्या तारखेला होतात. १ एप्रिल उलटला की ४ जानेवारी, १ जुलै उलटला की ७ जानेवारी. म्हणून शीटमध्ये अर्धा विभाग जानेवारीच्या पहिल्या बारा दिवसांत रुजू झालेला दिसला, तर तेव्हा मोठी भरती झाली असेल असं समजू नका. रकाना उलटलाय.

ओळखायचं कसं? रकान्याची मांडणी काढून टाका, म्हणजे डावी-उजवी-मधली कुठलीच जुळणी ठेवू नका. आकडे उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की तिथेच थांबा. मग, तारखा C रकान्यात दुसऱ्या ओळीपासून आहेत असं धरून, शेजारच्या दोन रिकाम्या रकान्यांत हे टाका आणि खाली ओढा:

```
=ISNUMBER(C2)
=DAY(C2)
```

पहिल्यात `TRUE` आलेल्या ओळी गाळून घ्या आणि त्यांच्यापुढचे दिवसाचे आकडे बघा. शेकडो ओळी असूनही बाराच्या वरचा एकही दिवस नसेल, तर तो योगायोग नव्हे.

दुरुस्ती त्याच शीटवर करत बसू नका. काही ओळी उलटलेल्या, काही मजकूर, काही हातानं नीट केलेल्या. त्यातून कुठली कशी हे सांगता येत नाही. मूळ सीएसव्हीकडे परत जा आणि ती डबल-क्लिकनं उघडू नका. रिकामी शीट उघडा, `Data` मध्ये `From Text/CSV` घ्या, आणि `Data Type Detection` पाशी `Do not detect data types` निवडा. सगळं जसंच्या तसं मजकूर म्हणून येतं. त्यानंतर तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमात, `2021-03-05` अशा करा. हा क्रम आयएसओ ८६०१ या मानकातला आहे, आणि आपल्या नमुना शीटमध्ये तोच लागेल.

एक चूक नेहमी होते: आधी तारखा चिकटवतात आणि नंतर रकाना `Text` करतात. मग तारखेच्या जागी ४४२६० दिसतं आणि फोन येतो की सॉफ्टवेअरनं तारखा खाल्ल्या. खाल्ल्या नाहीत, आतला आकडा तेवढा उघडा पडला. रकाना आधी `Text` करायचा, चिकटवायचं नंतर.

आणि दोन आकडी वर्ष लिहू नका. ‘३५’ म्हणजे १९३५ की २०३५, हे त्या त्या संगणकाचं सेटिंग ठरवतं. जन्मतारखेत हे झालं की माणूस जन्माला येण्याआधीच निवृत्त होतो.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या एक्सेलचं. तर जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण `MARCH1` आणि `SEPT1` लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करायचं. आता ती `MARCHF1` आणि `SEPTIN1` आहेत. शास्त्रज्ञांनी जनुकांची नावं बदलली, आपल्याला फक्त रकाना बदलायचाय.

समोरून चिठ्ठी आली आहे, ‘सात मिनिटं’. ठीक आहे, घोषणा.

पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून रजा, हजेरी आणि वैयक्तिक नोंदी नव्या प्रणालीत. नमुना शीट आजच मिळेल. ती भरून या महिन्याच्या १० तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत द्यायची. ११ ते १५ आम्ही चाचणी म्हणून चढवू आणि नाकारलेल्या ओळी तुमच्याकडे परत येतील. त्या नुसत्या दुरुस्त करू नका, आधी मघाची `DAY` वाली तपासणी संपूर्ण रकान्यावर पुन्हा करा. १८ तारखेपर्यंत सुधारित शीट. २५ तारखेला जुनी प्रणाली गोठेल, म्हणजे बघता येईल, बदलता येणार नाही. २५ पासून महिनाअखेरपर्यंत जे घडेल, बदली, राजीनामा, बँक खातं बदलणं, ते वेगळ्या बदल-नोंद शीटमध्ये लिहायचं. ही शीट विसरली की पहिला पगार जुन्या खात्यात जातो.

कर्मचारी क्रमांक मजकूर म्हणून. `00417` चा `417` झाला की तो प्रणालीला दुसरा माणूस वाटतो. बँक खात्याचंही तेच. एक्सेल पंधरा अंकच धरून ठेवतं, सोळाव्यापासून पुढे शून्यं. वरिष्ठाच्या रकान्यात नाव नको, क्रमांक हवा, कारण एका नावाची दोन माणसं असतात. आणि तो वरिष्ठ स्वतः शीटमध्ये असला पाहिजे, नाहीतर त्याच्या हाताखालची सगळी ओळ नाकारली जाते.

रजेची शिल्लक २५ तारखेअखेरची. इथे एक खड्डा आहे. कुणाची शिल्लक १२, आणि पुढच्या महिन्यातली ३ दिवसांची रजा आधीच मंजूर. जुनी प्रणाली मंजुरीलाच दिवस वजा करते, म्हणून ती ९ दाखवेल. तुम्ही ९ लिहिलेत आणि रजा नव्या प्रणालीत पुन्हा टाकली, तर उरतील ६. तेव्हा १२ लिहा आणि रजा नव्यानं टाका.

प्रशिक्षण १६ आणि १७ तारखेला, दोन-दोन तासांच्या तुकड्या. समन्वयकांची तुकडी पहिली. वरिष्ठांसाठी वेगळी, कारण त्यांना फक्त मंजुरीचा पडदा शिकायचाय आणि ते पूर्ण वेळ बसत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. सरावासाठी वेगळं लॉगिन मिळेल. त्यात कितीही चुका करा, खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही. पत्त्याच्या पट्टीत ‘सराव’ दिसतंय ना, एवढं बघून मग चुका करा.

मदत. कर्मचाऱ्यानं आधी आपल्या विभागाच्या समन्वयकाला विचारायचं, म्हणजे तुम्हाला. तुमच्यानं सुटलं नाही तर हेल्पडेस्कवर तिकीट. माहितीच चुकीची दिसत असेल तर तिकिटात ‘स्थलांतर’ हा प्रकार निवडा, ते थेट आमच्याकडे येतं. ‘लॉगिन’ निवडलंत तर ते संगणक विभागात फिरत राहील. तिकिटात कर्मचारी क्रमांक, कुठला पडदा, किती वाजता, आणि संदेश जसाच्या तसा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेलं तिकीट आम्ही प्रश्न विचारून परत पाठवतो, त्यात एक दिवस जातो. संदेशाचा फोटो जोडा, पण त्यात दुसऱ्या कुणाचा पगार किंवा खातं दिसत नाही ना हे बघून. भरलेली शीट ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. सामायिक फोल्डरमध्ये प्रत्येक विभागाचा कप्पा आहे, तिथेच ठेवा.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न बाहेर जिन्यापाशी घेतो. ज्यांच्या शीटमध्ये अर्धा विभाग जानेवारीत रुजू झालाय त्यांनी आधी या, लॅपटॉप घेऊन.