‘थोडं’ खाल्लं की ‘फारसं’ खाल्लं नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या परिचारिकांचा एक वर्ग मी काही वर्षं मिरजेत घेत होते. रात्रपाळी संपताना पुढच्या पाळीसाठी पेशंटची नोंद कशी लिहायची, याचा सराव चालला होता. एका मुलीनं लिहिलं, ‘द पेशंट एट लिटल राइस अँड टुक फ्यू सिप्स ऑफ वॉटर.’ तिला म्हणायचं होतं, पेशंटनं थोडा भात खाल्ला आणि पाण्याचे दोन-चार घोट घेतले. कालपर्यंत तोंडात घास न घेणारा माणूस आज जेवला, ही चांगली बातमी ती कळवत होती. पण इंग्रजी ज्याच्या घरची भाषा आहे, त्यानं हे वाक्य वाचलं तर अर्थ लागेल, ‘पेशंटनं फारसा भात खाल्ला नाही, पाणीही जेमतेमच घेतलं.’ म्हणजे काळजीची बातमी. वाक्यातला प्रत्येक शब्द शब्दकोशाप्रमाणे बरोबर होता. चूक होती ती न लिहिलेल्या एका अक्षराची. त्या अक्षराकडे मी येतेच, पण आधी जरा मागून सुरुवात करू या.

मराठीत आपण किती पाणी, किती माणसं, किती पैसे, किती वेळ असं सगळं एकाच ‘किती’नं विचारतो. इंग्रजीला तिथे दोन शब्द लागतात. जे एक, दोन, तीन असं मोजता येतं त्याला ‘हाऊ मेनी’, आणि जे तसं मोजता येत नाही त्याला ‘हाऊ मच’. एवढं सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं. तरीही बोलताना गोंधळ होतो, कारण त्या क्षणी मोजता येतं की नाही याचा विचार करायला कुणाला सवड असते?

मी माझ्या विद्यार्थिनींना सांगायची, मराठी वाक्याच्या शेवटाकडे कान द्या. ‘किती पाणी आहे’ आणि ‘किती माणसं आहेत’. शेवटी ‘आहे’ आलं तर मच, ‘आहेत’ आलं तर मेनी. साखर आहे, दूध आहे, वेळ आहे, सामान आहे, माहिती आहे, या सगळ्यांना मच. मुलं आहेत, खुर्च्या आहेत, प्रश्न आहेत, यांना मेनी. गंमत बघा, ‘माहित्या’ असं आपण कधी म्हणत नाही, ‘दोन फर्निचर’ही म्हणत नाही. तरीही इंग्रजी बोलताना ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘फर्निचर्स’ हे शब्द सर्रास ऐकू येतात. इथे मराठी कान बरोबर सांगत असतो आणि आपण त्याचं न ऐकता शेपटीला एक ‘स’ चिकटवून देतो.

ही खूण बहुतेक वेळा साथ देते, पण काही शब्दांशी फसवते, आणि ते शब्द नेमके रोजचे आहेत. पैसे आहेत, केस आहेत, बातम्या आहेत, कामं आहेत, सल्ले दिले. मराठीत ही सगळी अनेकवचनं. इंग्रजीत मात्र मनी, हेअर, न्यूज, वर्क, ॲडव्हाइस हे शब्द या अर्थानं मोजायचे नाहीतच. म्हणून ‘आय हॅव मेनी वर्क्स’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडून इतक्या सहज निघतं. ‘मला खूप कामं आहेत’ हे त्याच्या मनात आधीच तयार असतं.

पैसे तर आपण रोज मोजतो, मग ‘मनी’ला मेनी का नाही, असं मला दर वर्षी कुणीतरी विचारायचं. उत्तर असं, की आपण मोजतो ते रुपये. पाच रुपये मोजता येतात, म्हणून ‘हाऊ मेनी रुपीज’ ठीक आहे. ‘मनी’ हा शब्द मात्र इंग्रजी माणसाच्या डोक्यात पाण्यासारखा, ढीग असलेला पण नग नसलेला. केसांचंही तसंच. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, एकवचनी. पण आमटीत एक केस निघाला तर तो ‘अ हेअर’, कारण आता तो एक सुटा नग आहे.

एखादा शब्द कुठल्या गटातला हे कळत नसेल तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश उघडा. नामापुढे कंसात ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर असतं. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं, ‘यू’ म्हणजे न येणारं. ही खूण छापणारा शब्दकोश 1942 साली टोकियोत निघाला. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे दोन सहकारी जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत होते. जपानी भाषेत नामाचं अनेकवचन सहसा वेगळं दाखवत नाहीत, त्यामुळे ही अडचण त्यांना रोज समोर दिसत असणार. इंग्रजी मायबोली असणाऱ्याला या खुणेची गरजच पडत नाही.

आता ‘मच’विषयी एक गोष्ट, जी मला पुस्तकातून नाही, मराठीतून सापडली. ‘आय हॅव मच मनी’ हे वाक्य नियमात बसतं, पण बोलताना कानाला खटकतं. तिथे ‘अ लॉट ऑफ मनी’ म्हणतात. ‘मच’ साध्या बोलण्यात येतो तो मुख्यतः नकारात आणि प्रश्नात. मराठीत असाच एक शब्द आहे, ‘फारसा’. ‘फारसे पैसे नाहीत’ म्हणतो आपण, ‘फारसे पैसे आहेत’ कधीच म्हणत नाही. तेव्हा नकारात ‘फारसं’ म्हणता येत असेल तिथे ‘मच’ खुशाल वापरा. ‘टू मच’ आणि ‘सो मच’ मात्र होकारातही चालतात. मीठ जास्त झालं तर ‘टू मच सॉल्ट’.

याच ‘फारसा’नं ‘फ्यू’ आणि ‘लिटल’चंही कुलूप उघडतं. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे ‘फारसे नाहीत’. नुसतं ‘लिटल’ म्हणजे ‘फारसं नाही’. मराठीत ‘नाही’ हा शब्द ठसठशीत ऐकू येतो, इंग्रजीत तो ‘फ्यू’च्या पोटात लपलेला असतो. पुढे ‘अ’ लावला की तो नकार जातो. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत, ‘अ लिटल’ म्हणजे थोडंसं आहे. बोलताना हा ‘अ’ इतका पुसट येतो की आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही, मग लिहिताना तो सुटतो. सभेत उठून ‘सर, आय हॅव फ्यू क्वेश्चन्स’ म्हणणाऱ्याला काही प्रश्न विचारायचे असतात, पण शब्दांचा अर्थ होतो, मला फारसे प्रश्न नाहीत. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ ऐकलंत तर थोडे समजू नका, त्याचा अर्थ ‘बरेच’ असा आहे.

त्या मुलीनं वाक्य सुधारून लिहिलं, ‘द पेशंट एट अ लिटल राइस अँड टुक अ फ्यू सिप्स ऑफ वॉटर.’ मग तीच म्हणाली, “मॅडम, वॉर्डात आम्ही थोडं असं लिहीतच नाही, आकडा लिहितो.” खरंच होतं तिचं. भात मोजता येत नसला तरी वाटी मोजता येते, पाणी मोजता येत नसलं तरी मिलिलिटर मोजता येतात. तिनं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘हाफ अ बोल ऑफ राइस, 150 मिलिलिटर वॉटर.’

नमस्कार.