पट्ट्याच्या पोटात काय आहे ते लिहा

मंडळी, विषय आहे पट्टा किंवा पाकीट ऑनलाइन विकताना माहितीत काय लिहावं, हा. पण आधी एक पट्टा उसवून पाहू, कारण खरा घोळ तिथेच आहे.

‘अस्सल लेदर’ म्हणून विकले जाणारे कितीतरी पट्टे तीन थरांचे असतात. वर चामड्याचा पातळ थर, मध्ये बॉन्डेड लेदरचा पुठ्ठा, खाली रेक्झिन. कडेला रंग फासला की तिन्ही एकजीव दिसतात. बॉन्डेड म्हणजे चामड्याचा चुरा बाइंडरमध्ये कालवून केलेला पत्रा. सलग चामड्यात तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून ते ताण सोसतं. चुऱ्यात ते तुटलेले, सगळा भार बाइंडरवर. पट्टा रोज त्याच भोकाशी वाकतो. तिथे आधी पुठ्ठा फुटतो, मग भोक लांबट होतं, कडेचा रंग तडकतो, वरचं चामडं सुटतं. गिऱ्हाईक म्हणतं, लेदर खराब निघालं. अहो, लेदर नाही, पोटातला पुठ्ठा खराब होता!

काडी लावून वास घ्या, असं कुणी सुचवतं. तो निकाल पक्का नाही. बॉन्डेडमध्येही चामडंच आहे, त्यामुळे त्यालाही जळक्या केसांचा वास येतो. त्यापेक्षा भोकाच्या आत पाहा, तिथे सहसा रंग नसतो. सलग चामड्यात वर घट्ट आणि खाली मोकळे होत जाणारे तंतू दिसतात. बॉन्डेड सगळीकडे सारखं, पुठ्ठ्यासारखं दिसतं. रेक्झिनखाली विणलेलं कापड असतं.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, तेव्हा मुद्द्याचं झटपट सांगतो. माहितीत थरवार लिहा: ‘वर म्हशीचं चामडं, मध्ये बॉन्डेड, आत पीयू’. पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचा थर दिलेलं कृत्रिम चामडं. बॉन्डेड असेल तर चामड्याचं प्रमाणही द्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची मार्गदर्शक तत्त्वं बॉन्डेडच्या बाबतीत ही टक्केवारी सांगायला सांगतात. भोकाचा जवळून काढलेला फोटो टाका. बॉन्डेड आणि पीयू विकण्यात गैर काही नाही, नाव खरं हवं.

आता निगा. सलग चामड्याला तीन-चार महिन्यांनी मटारएवढं लेदर कंडिशनर पुरे; खोबरेल नको, डाग पडतो आणि पुढे खवट वास येतो. भिजलं तर सावलीत वाळवा, हेअर ड्रायर लावू नका. पट्टा बकलाला टांगा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. सुती पिशवीत ठेवा. पीयूला कंडिशनर मुरतच नाही, ओलसर फडकं पुरतं. दमट हवेत पीयूचा थर कपाटात नुसता पडून राहिला तरी सुटू शकतो, आणि सोलायला लागला की कुठलंही पॉलिश तो परत चिकटवत नाही. हेही माहितीत आधीच लिहा.