आधी जागा ठरवा, मग पुसा
(नागपुरात व्हिडिओ करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज एकच थंबनेल घेऊन बसू या. काटोल भागातल्या एका संत्रा बागायतदाराचा मुलगा चॅनेल चालवतो. त्याच्या परवानगीने ते चित्र इथे पडद्यावर लावलं आहे. उजवीकडे त्याचे वडील उभे आहेत, पांढरा कुर्ता, हातात फांदी. मागे झाडांची रांग आणि खाली ठिबकची काळी नळी. डावीकडे वर, आकाशावर आणि झाडांच्या शेंड्यांवर तीन ओळींत शीर्षक आहे: ‘संत्रा बागेत आंबिया बहारासाठी ताण व्यवस्थापन कसे करावे संपूर्ण माहिती’. पिवळी अक्षरं, त्यांना लाल कडा. आणि खाली मधोमध एक मोठा गोल लाल शिक्का, ‘100% खात्रीशीर’.

काम दोन गोष्टींचं आहे. शीर्षक बदलायचं आणि तो शिक्का काढायचा. अडचण ही की मूळ फाइल नाही. अक्षरं, शिक्का, फोटो सगळं एकाच जेपीजीमध्ये चिकटलेलं आहे.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो कोरा फोटो कुठे मिळेल का, हा. फोनच्या गॅलरीत शोधा. तो व्हिडिओतूनच काढलेला असेल, तर व्हिडिओ त्या क्षणी थांबवून तीच चौकट पुन्हा घ्या आणि शिक्क्याखालचा तुकडा तिथून उचलून लावा. तसं जमलं तर पुढची अर्धी मेहनत वाचते. फोटो मागवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो दाबून लहान झालेला येतो. आपल्या या मुलाचा फोन बदलला होता, फोटो गेला होता आणि व्हिडिओत ही चौकट नव्हती. तेव्हा जे आहे त्यावरच काम.

आता बहुतेक जण काय करतात? आधी सगळी जुनी अक्षरं पुसायला घेतात. आकाश नीट करतात, पानं जुळवतात, तास दोन तास घालवतात आणि मग त्याच नीट केलेल्या जागेवर नवीन अक्षरं ठेवतात. म्हणजे जे कोणाला दिसणारच नाही ते दुरुस्त करण्यात वेळ गेला. माझं आजचं मुख्य सांगणं एवढंच आहे: नवीन शीर्षक आधी लिहा, ते जागेवर बसवून पाहा आणि त्यानंतर जुन्याचं जे उघडं राहतं तेवढंच पुसा.

मग नवीन शीर्षक काय? त्या व्हिडिओत मुलगा काय सांगतो ते ऐकलं. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेचं पाणी बंद करून झाडांना ताण देतात आणि मग पाणी देऊन तो ताण तोडतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. त्यामुळे शेजाऱ्याने पाणी सोडलं म्हणून आपणही सोडलं, असं चालत नाही. व्हिडिओचा सगळा भर तोडण्याच्या वेळेवर आहे. बागायतदार एकमेकांना जसं विचारतात तसंच लिहिलं: ‘ताण कधी तोडायचा?’ दहा शब्दांचे तीन झाले. संत्रा लिहायची गरज उरली नाही, कारण झाड समोर दिसतं आहे. आंबिया बहार हा शब्द व्हिडिओच्या नावात राहिला, शोधणाऱ्याला तो तिथेच लागतो.

शब्द कमी का करायचे, ते आकारावरून कळेल. थंबनेल आपण 1280 बाय 720 पिक्सेलचं बनवतो. पण बाजूच्या यादीत ते दीडशे-पावणेदोनशे पिक्सेल रुंद दिसतं, म्हणजे सातआठ पटीने लहान. जुन्या शीर्षकातलं अक्षर साधारण 48 पिक्सेल उंच होतं. ते तिथे सहा-सात पिक्सेलचं होतं. इंग्रजी अक्षर एवढ्यात कसंबसं तग धरतं. आपल्या ‘व्यवस्थापन’मधला स्थ किंवा ‘संपूर्ण’मधला रफार आणि अनुस्वार तेवढ्या जागेत मावतच नाहीत. मी अक्षराची उंची, मात्रा सोडून, शंभर पिक्सेलच्या खाली जाऊ देत नाही.

दोन ओळी केल्या: वर ‘ताण कधी’, खाली ‘तोडायचा?’. इथे देवनागरीची एक गोष्ट बारकाईने पाहा. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. ‘ताण कधी’मध्ये शिरोरेषेवर वेलांटी आहे, पण अक्षरांखाली काहीही लोंबत नाही. त्यामुळे ‘तोडायचा’ची मात्रा वर सरकायला मोकळी जागा आहे आणि ओळी घट्ट बसवता आल्या. याच जागी ‘सुरू’ किंवा ‘पूर्ण’ असा शब्द वरच्या ओळीत असता, तर अंतर वाढवावं लागलं असतं किंवा शब्दच बदलावा लागला असता.

टाइप मुक्ता घेतला, जाड वजनाचा. तो मोफत आहे आणि युनिकोड आहे. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेवायचं. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत अंतर वाढवलेलं छान दिसतं, म्हणून कित्येक जण मराठीतही वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणखी एक: मी हे काम गिंपमध्ये दाखवतो आहे, तिथे अक्षरांच्या साधनात भाषा मराठी निवडता येते. टाइपमध्ये सोय असेल, तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या वळणाचे नाही. फोटोशॉप वापरणाऱ्यांची जोडाक्षरं सुटी पडत असतील, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये `World-Ready Layout` निवडा.

रंगाबद्दल. पार्श्वभूमी फिकट आकाशाची आहे. पिवळी अक्षरं तिथे दिसत नव्हती म्हणून लाल कडा आली होती आणि त्या कडेने अक्षरांच्या आतली पोकळी भरून ब आणि व सारखेच दिसायला लागले होते. फिकट आकाशावर गडद अक्षर ठेवलं की कडेची गरजच राहत नाही. काळ्याकडे झुकणारा गर्द हिरवा घेतला. अक्षरांमागे पट्टी टाकायचा मोह होतो, पण पट्टी म्हणजे काढलेल्या शिक्क्याच्या जागी आणलेली दुसरी अडगळ.

आता हे शीर्षक जुन्यावर ठेवून पाहिलं. जुन्या अक्षरांचा मोठा भाग झाकला गेला. उघडं राहिलं ते मधल्या ओळींतलं थोडं आकाश आणि तिसऱ्या ओळीचं टोक, ‘माहिती’, जे झाडाच्या शेंड्यावर गेलं होतं. एवढंच पुसायचं.

पुसताना अक्षराच्या कडेला चिकटून निवड करू नका. जेपीजी चित्राला आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत साठवतं, त्यामुळे ठळक अक्षराभोवती सातआठ पिक्सेलपर्यंत मळकट ठिपके पसरलेले असतात. अक्षर निवडा, मग `Select > Grow` ने निवड आठ पिक्सेलने वाढवा. तसं केलं नाही तर अक्षर जातं आणि त्याची सावली राहते. आकाशासाठी हील ब्रश चांगला, कारण तो आजूबाजूचा रंग जुळवून घेतो. नुसत्या क्लोनने आकाशात डाग पडतात, कारण आकाश वरून खाली सारखं बदलत असतं. पानांचं उलट आहे. तिथे क्लोन चांगला, पण दरवेळी `Ctrl` दाबून नवीन जागेवरून उचला. एकाच जागेवरून उचललं की तीच तीन पानं रांगेत दिसायला लागतात.

शिक्का मात्र पूर्ण उघडा पडतो, तिथे झाकायला काही नाही. त्याच्याखाली तीन गोष्टी होत्या: आळ्यातली माती, ठिबकची नळी आणि वडिलांच्या कुर्त्याचा बाजूचा काठ. मागचं आधी, पुढचं नंतर, या क्रमाने जायचं. माती सोपी. ढेकळं, सुकी पानं, काहीही चालतं.

नळी ही सरळ रेघ आहे आणि रेघेतली चूक डोळ्याला लगेच कळते. ब्रशने ती ओढत बसू नका. जिथे नळी स्वच्छ दिसते तिथला तुकडा उचलून वेगळ्या लेयरवर ठेवा, दोन्ही टोकं जुळेपर्यंत फिरवा आणि टोकांवर मऊ ब्रशने सांधा मिटवा. त्या तुकड्यावर ड्रिपर आला असेल तर बघून घ्या. नळीवर ड्रिपर ठरावीक अंतरावर असतात. आपण तुकडा लावला आणि दोन ड्रिपर जवळजवळ आले, तर शहरातल्या माणसाला कळणार नाही, पण हा व्हिडिओ ज्याच्यासाठी आहे त्याला पहिल्या नजरेत कळेल. आपल्या तुकड्यातला ड्रिपर मी पुसला, कारण पुढचा आधीच हातभर अंतरावर दिसत होता.

कुर्त्याचा काठ सगळ्यात नाजूक. आधी पाथ साधनाने काठाची रेघ आखा, शिक्क्याच्या वर आणि खाली दिसणाऱ्या काठाला धरून. त्याची निवड करा, कड एक पिक्सेलने मऊ करा आणि फक्त त्या निवडीच्या आत कुर्त्याचं कापड क्लोन करा. चुण्या वरून खाली जातात, तर उचलायचंही वरच्या चुणीवरूनच. हे सगळं झालं की दुरुस्त केलेला भाग मूळ फोटोपेक्षा गुळगुळीत दिसतो, कारण हीलने कॅमेऱ्याचे बारीक दाणे पुसले जातात. तेवढ्या भागावर थोडा नॉइज परत घाला.

याच चित्रात वडिलांच्या हातातल्या फांदीवर दोनतीन पिवळी पानं होती. मुलाने विचारलं, हीही काढू का, झाड छान दिसेल. मी नाही म्हटलं. शिक्का आपण टाकलेला होता, तो आपण काढू शकतो. पानं झाडाची आहेत. ताण किती बसला हे बागायतदार पानं पाहूनच ठरवतो. ती काढली, तर व्हिडिओ जे शिकवतो त्याच्या उलट चित्र उभं राहील. दुसऱ्याच्या फोटोवरचं त्याचं नाव पुसणं हेही मी करत नाही आणि कोणाला करून देत नाही.

तपासणी दोन प्रकारे करा. चित्र आडवं उलटं करा, ओळखीचं चित्र अनोळखी होतं आणि जोड दिसायला लागतात. मग `Curves` मध्ये रेघ तात्पुरती खूप उभी करा. आकाशातला जो डाग साध्या नजरेला दिसत नव्हता तो ढगासारखा वर येतो. त्याची जागा लक्षात ठेवून `Curves` रद्द करा आणि मग तो दुरुस्त करा. त्यानंतर चित्र फोनवर घ्या आणि उन्हात जाऊन पाहा, कारण आपला प्रेक्षक ते बांधावर उभा राहून पाहणार आहे. उजवा खालचा कोपरा मोकळा आहे ना, हेही बघा. यूट्यूब तिथे व्हिडिओची लांबी दाखवतं आणि अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओच्या तळाशी लाल रेघ येते.

बाहेर काढताना जेपीजीची गुणवत्ता नव्वदच्या पुढे आणि सबसॅम्पलिंग `4:4:4` ठेवा. नाहीतर रंगीत अक्षरांच्या कडा पुसट होतात. आणि गिंपची `.xcf` फाइल जपून ठेवा, अक्षरं वेगळ्या लेयरवर असलेली. जुन्या व्हिडिओचं थंबनेल बदललं तरी त्याची लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात, त्यामुळे पुढच्या हंगामाआधी शब्द बदलावासा वाटला तर नुसती अक्षरं बदलून ते परत चढवता येईल.