प्लॅन शंभरचा, गेम मात्र रात्रभर

सोलापूरच्या साखर पेठेतलं एखादं घर धरा. राउटर पुढच्या खोलीत, पीएस फोर मागच्या खोलीत, मधे दोन जाड भिंती. प्लॅन 100 एमबीपीएसचा. त्या वेगानं 50 जीबीचा गेम तासा-सव्वातासात उतरायला हवा. पण कन्सोलवरच्या टेस्टमध्ये 20च दिसतात, म्हणजे साडेपाच तास!

लगेच इंटरनेटवाल्याला फोन लावू नका. लॅपटॉप राउटरला केबलनं जोडा आणि त्याच वेळी स्पीड टेस्ट करा. इथंही 20 आले तर दोष लाइनचा. मग घरात काहीही बदललं तरी उपयोग नाही. नव्वदीच्या वर आले तर लाइन ठीक आहे, वेग वाय-फायवर अडतोय. आणखी एक, पीएस फोरवर मागे एखादा गेम उघडा राहिला तरी डाउनलोड रखडतं. तो आधी बंद करा.

आता 2.4 गिगाहर्ट्‌झचा बँड. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. भिंतीला भिंत लागलेल्या पेठेत शेजारपाजारचे सगळे राउटर या तिघांतच दाटीवाटी करतात, आणि एका चॅनलवर एकाच वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे थांबतात. पहाटे वेग वाढत असेल तर ही गर्दीच समजा. दिवसभर सारखाच कमी असेल, तर भिंती आणि अंतर.

गर्दीवर 5 गिगाहर्ट्‌झ हा चांगला उपाय. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि कन्सोल 5 गिगाहर्ट्‌झच्या नावाला जोडा. एकाच खोलीत किंवा एका भिंतीआड फरक लगेच कळतो. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतींपुढे मात्र हा बँड लवकर दम टाकतो. शिवाय 2013चा पहिला पीएस फोर तो पकडतच नाही. स्लिम आणि प्रो पकडतात. यादीत ते नाव दिसलंच नाही, तर राउटरला बोल लावू नका.

आपल्या घरात म्हणून केबलच बरी. कॅट 5ई घ्या. 100 मीटरपर्यंत ती चालते, इथं पंधरा-वीस मीटर पुष्कळ झाली. आतल्या आठही तारा नीट क्रिंप झाल्यात ना, ते बघा. चारच लागल्या तरी नेट चालतं, पण 100च्या पुढे जात नाही, त्यामुळे चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

स्वस्त राउटरचं तेच. बऱ्याच जणांचे लॅन पोर्ट 100चेच असतात. प्लॅन 200चा असेल, तर अशा पोर्टवरून केबलनं 94च्या आसपासच मिळतील, आणि त्याच खोलीतलं 5 गिगाहर्ट्‌झ केबलला मागे टाकेल. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड 100 दिसला की केबल बदलून बघा. तरीही 100च राहिला, तर गिगाबिट पोर्टचा राउटर लागेल.