सहाशेचं नेट पाचशेला का आलं

नमस्कार श्रोतेहो. आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारात एकाच खांबावर दोन नेटवाल्यांचे बोर्ड आहेत. गेल्या महिन्यात एकाने ६०० वर काट मारून ५०० लिहिले आणि चार दिवसांत दुसऱ्यानेही तेच केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे दोघं आता एकमेकांना बुडवणार बघ! मला राहवेना, घरी येऊन कागदावर चार खाने आखले. तुम्हीपण पेन्सिल घ्या.

आकडे समजायला सोपे म्हणून माझे आहेत. एरियात १००० घरं, दोघांकडे ५००-५००, एका कनेक्शनमागे महिन्याचा खर्च ३०० रुपये. दोघं ६०० वर राहिले तर प्रत्येकाला दीड लाख सुटतात. दोघं ५०० वर आले तर एक-एक लाख. आणि एकटाच उतरला, ३०० घरं त्याच्याकडे सरकली, तर त्याची ८०० घरं गुणिले २०० म्हणजे १ लाख ६० हजार, आणि ६०० वर थांबलेल्याला फक्त ६० हजार.

आता एकाच्या जागी बसून विचार करा. समोरचा ६०० वर असेल तर उतरण्यात १० हजार जास्त. समोरचा ५०० वर असेल तर न उतरल्यास ६० हजार, उतरल्यास लाख. म्हणजे समोरचा काहीही करो, उतरणंच बरं, आणि दोघंही असाच हिशोब करतात म्हणून दोघांचे ५०-५० हजार जातात! एकट्याने पाऊल मागे घेतलं तर आणखी नुकसान, म्हणून दोघं तिथेच अडकतात, यालाच नॅश इक्विलिब्रियम म्हणतात. बरं, चहावर बसून भाव ठरवून टाकू म्हणाल तर ते २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही.

पण मला खरी गंमत वाटली ती त्या ३०० घरांच्या आकड्यात. समजा लोकांनी सहा महिन्यांचे पैसे आधीच भरलेत, राउटर बदलायचा कंटाळा आहे, म्हणून २००च घरं हलली. मग उतरणाऱ्याला ७०० गुणिले २००, म्हणजे १ लाख ४० हजारच, दीड लाखापेक्षा कमी! आता समोरचा ६०० वर असेल तर आपणही तिथेच राहिलेलं फायद्याचं. २५० घरांच्या वर लोक हलत असतील तरच आधी उतरण्यात फायदा आहे.

म्हणून भाव कापणारा सोबत फ्री राउटर देतो, लोक हलावेत म्हणून. पण राउटर समजा १२०० चा, ३०० घरांना दिला तर ३ लाख ६० हजार गेले, आणि जास्तीची कमाई महिन्याला १० हजार, तीही समोरचा भाव कमी करेपर्यंतच. हा खर्च तोच करेल ज्याला वाटतं की समोरचा दुकान बंद करेल, आणि मग १००० घरं ६०० ने आपली. आमच्या आकड्यांत तर समोरच्याला ५०० वरही लाख सुटतात, तो कशाला बंद करेल?